दुधाच्या जागी

सईनं दूध सोडलं तेव्हा आमच्या घरी रोज दोन लिटर दूध येत होतं. सकाळचा चहा, सासऱ्यांचं ताक, रात्री लावलेलं विरजण, आठवडाभराच्या सायीचं लोणी आणि रविवारी कढवलेलं तूप. मांस-मासे आमच्याकडे कधीच नव्हते, अंडंही नाही. "वाढत्या वयात दूध पी" यापलीकडे आहाराबद्दल आम्हाला कुणी काही शिकवलेलं नव्हतं आणि आम्हीही मुलीला दुसरं काही शिकवलं नव्हतं. ती वीस वर्षांची झाली आणि सुट्टीत घरी आल्यावर पहिल्याच सकाळी म्हणाली, "आई, मी वीगन झालेय. दीड महिना झाला. माझ्या पोळीला तूप लावू नकोस."

मी तिच्याशी वाद घातला नाही. तिची कारणं तिनं सांगितली, ती मला समजली. पण पोटात गोळा आला, त्याचं कारण माझी आई होती.

पाच वर्षांपूर्वी आईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. अंधारात चालताना तोल जायचा, एकदा ती न्हाणीघरात पडली. नावं विसरायला लागली. आम्ही सगळ्यांनी 'वय झालं' असं म्हणून आठ महिने घालवले. तिचं हिमोग्लोबिन उत्तम होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी बी१२ तपासायला लावलं, ते ९८ निघालं. साधारण दोनशेच्या वर असायला हवं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट मी विसरले नाही. डाळी आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्या माणसाला फोलेट चांगलं मिळतं. ते रक्त सांभाळून घेतं, त्यामुळे रक्तक्षय दिसत नाही आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालू राहतं. इंजेक्शनांनी आईचं विसरणं बरंचसं गेलं. तळपायांची बधिरता पूर्ण गेली नाही, ती आजही जपून पाय टाकते.

तर आमची वीगन खरेदी किराणा दुकानात सुरू झाली नाही, ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सुरू झाली. रिपोर्ट आला. बी१२ १६८, हिमोग्लोबिन १०.८ आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. मी तो कागद तिच्यासमोर धरला आणि जे बोलायला नको होतं ते बोलले, "हे बघ तुझ्या प्राणिप्रेमाचे परिणाम."

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला तिथल्या तिथे गप्प केलं. "दीड महिन्यात बी१२ इतकं उतरत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, तो भरलेला असेल तर काही वर्षं पुरतो. हिचा भरलेला कधी नव्हताच. फेरिटिनचंही तेच. हा रिपोर्ट तुमच्या दुधातुपाच्या घरातला आहे." मग त्यांनी पुण्याच्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासाचा उल्लेख केला. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा तो अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायकांचं बी१२ कमी निघालं होतं. त्या काही वीगन नव्हत्या. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही तपासा." माझं १९० आलं.

परदेशी वीगन लोकांनी लिहिलेला सल्ला वाचताना आपल्याकडे हा फरक लक्षात ठेवायला हवा. "बी१२ची घाई नाही, साठा तीन-चार वर्षं पुरतो" हे आधी मांस-अंडी भरपूर खाल्लेल्या माणसासाठी ठीक असेल. आपल्याकडचा पिढीजात शाकाहारी माणूस दूध सोडतो तेव्हा त्याची टाकी आधीच तळाला गेलेली असू शकते, आणि थोडंफार बी१२ देणारा शेवटचा नळही तो बंद करत असतो. म्हणून यादीतली पहिली वस्तू गोळी. नाचणी, तीळ, टोफू सगळं त्यानंतर.

ही गोळी घेतानाच मी पहिली चूक केली. औषधाच्या दुकानात "बी१२ द्या" म्हटल्यावर समोर आली ती मऊ, चकचकीत कॅप्सूल. सईनं पाहिल्याबरोबर बाजूला ठेवली, कारण तसलं कवच बहुधा जिलेटिनचं म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. खाद्यपदार्थांवर असतो तसा हिरवा ठिपका औषधांच्या पाकिटावर असेलच असं नाही, त्यामुळे आपल्यालाच मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. ती वाचताना दुसरी गोष्ट दिसली. त्या कॅप्सूलमध्ये बी१२सोबत आणखी पाच-सहा घटक होते आणि त्यात बी६ बऱ्यापैकी होतं. डॉक्टर म्हणाले, ते काही आठवड्यांसाठी दिलं तर गोष्ट वेगळी. पण बी१२ जन्मभर घ्यायचं आहे, आणि बी६ मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर त्यानंच मज्जातंतू बिघडतात, मुंग्या येतात. ज्यासाठी औषध घ्यायचं तेच पदरात पडायचं. म्हणून फक्त बी१२ असलेली साधी, कोरडी गोळी शोधायची. सायनोकोबालामिन असो वा मिथाइलकोबालामिन, दोन्ही चालतं. पहिलं जास्त टिकाऊ आणि स्वस्त, दुसरं आपल्याकडे जास्त सहज मिळतं.

मात्रेचं गणित विचित्र वाटतं, पण एकदा समजलं की पक्कं बसतं. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि गोळी हजार-पंधराशेची. एवढी का? तर आतड्यात बी१२ला आत घेणारी जी नेहमीची वाट आहे, तिच्यातून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातं. उरलेल्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. हजाराची गोळी घेतली की त्या झिरपण्यातून दहा मिळतात. म्हणून रोज छोटी गोळी किंवा आठवड्यातून दोनदा हजाराची, दोन्ही हिशेब जमतात. सईची पातळी कमी होती, त्यामुळे डॉक्टरांनी तिला आधी तीन महिने रोज हजाराची दिली. मलाही तीच. स्पिरुलिना, आंबवलेली इडली, न धुतलेल्या भाज्या यांतून बी१२ मिळतं असं सांगणारे भेटतात. स्पिरुलिनात बी१२सारखं दिसणारं जे असतं ते आपल्या शरीराच्या कामाचं नसतं, आणि बाकीच्यांवर भरवसा ठेवण्याइतकं त्यांत काही नसतं.

त्याच दुकानातून ड जीवनसत्त्व घ्यायचं होतं. हाडांत कॅल्शियम पोचायचं तर ते हवं, आणि दिवसभर वर्गात आणि खोलीत बसणाऱ्या मुलीला ऊन कुठलं मिळायला? इथेही एक मेख आहे. नेहमीचं डी३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून बनवलेलं डी३ मिळतं, त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते थोडं महाग पडतं. डी२ सहसा यीस्टसारख्या बुरशीपासून बनतं, प्राण्यांपासून नाही. साठ हजारांच्या पुड्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या आठवड्यांपलीकडे घ्यायच्या नाहीत, हे मात्र वीगन असो-नसो, सगळ्यांना लागू.

गोळ्यांचं आटपल्यावर मी दुधाच्या जागी दूध शोधायला निघाले. सुपरमार्केटमधून बदामाच्या पेयाचा सुंदर खोका आणला, दुधाच्या तिप्पट किमतीचा. घरी येऊन चष्मा लावून वाचलं, तर शंभर मिलिलिटरमध्ये प्रथिनं अर्धा ग्रॅम आणि कॅल्शियमचा उल्लेखच नाही. गाईच्या दुधात तेवढ्यातच तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरी बदाम भिजवून काढलं तरी फार फरक पडत नाही. ग्लासभर दुधाला दहा-बारा बदाम घालणार, त्यातून कॅल्शियम येणार तीसेक मिलिग्रॅम. चव आणि रंग दुधाचा, बाकी पाणी. तेव्हापासून खोका उचलला की आम्ही आधी मागची बाजू पाहतो. दर शंभर मिलिलिटरला प्रथिनं तीनच्या आसपास आणि कॅल्शियम १२०च्या आसपास असेल, तरच ते दुधाच्या जागी. हे बहुतेक वेळा वरून कॅल्शियम घातलेल्या सोयापेयालाच जमतं. ते कॅल्शियम खोक्याच्या तळाशी बसतं, म्हणून ओतण्यापूर्वी चांगलं हलवायचं. नाहीतर आठवडाभर पाणी पिऊन शेवटच्या दिवशी खडू खायचा.

याच फेरीत हिरव्या ठिपक्याबद्दलचा माझा गैरसमज गेला. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. वीगनसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला पान. पण ते चिन्ह नसलेली शेंगदाणे आणि डाळीची पिशवीही वीगनच असते. पाहायचं ते बिस्किटं, पाव, फरसाण आणि तयार मसाल्यांवर. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन यांतलं काही दिसलं की ते दूधच.

टोफूच्या बाबतीत मला वाटलं होतं की हे तर पनीरच. मी सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून, लिंबू पिळून घरी केलाही. झाला छान, प्रथिनंही त्यात होती. पण टोफूला 'कॅल्शियमचा स्रोत' म्हणतात ते गोठवायला काय वापरलं त्यावर ठरतं. कॅल्शियम सल्फेट वापरलं तर ते कॅल्शियम टोफूतच राहतं. मॅग्नेशियम क्लोराइडनं किंवा लिंबानं गोठवला तर सोयाबीनमध्ये होतं तेवढंच. पाकिटावर नाव नसलं तर क्रमांक असतो. ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. आमच्या जवळच्या दुकानात दोन प्रकारचे टोफू शेजारी शेजारी होते, किंमत सारखी, दिसायला सारखे. एकावर ५१६ होतं.

मंडईत गेल्यावर माझा आत्मविश्वास परत आला, कारण भाज्या मला कळतात. किंवा कळतात असं वाटत होतं. पालक हाडांसाठी चांगला असं मी धरून चालले होते. पालकात कॅल्शियम आहे हे खरं, पण ते ऑक्झलेटला घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे शंभरातलं पाचच आपल्याला लागू पडतं. दुधातलं तीसच्या आसपास लागतं. ऑक्झलेट म्हणजे काय ते आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. नीट न शिजलेल्या अळूनं घसा खाजतो ना, त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुया. माठ, चुका हेही त्याच घरातले. या भाज्या जरूर खाव्यात, फक्त कॅल्शियमच्या वहीत मांडू नयेत. वहीत मांडायच्या त्या मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, नवलकोलाचा पाला, म्हणजे गेली पंचवीस वर्षं मी भाजीवाल्या मावशींना "तो काढून टाका" म्हणत आले तो भाग. आणि शेवग्याचा पाला, ज्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मावशींना मी पाला मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, ससा पाळलाय का?"

भुसार दुकानातून नाचणी घेतली. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम, धान्यांत सगळ्यात जास्त. मोड आणले की कॅल्शियम अडवणारी फायटेट्स कमी होतात. पण आई करायची तसं वस्त्रगाळ सत्त्व मी आता करत नाही, कारण नाचणीचं कॅल्शियम बरंचसं तिच्या सालीत असतं आणि ते फडक्यात राहून कचऱ्यात जातं. मोड आलेली नाचणी वाळवून सबंध दळायची. तिळाचं उलट आहे. सालीसकट तिळात कॅल्शियमचा आकडा फार मोठा दिसतो, पण तेही सालीत आणि ऑक्झलेटला चिकटलेलं. पांढरेशुभ्र सोललेले तीळ घेतले तर आकडाही जातो. तिळाची चटणी आम्ही चवीसाठी आणि वरचा फायदा म्हणून खातो, हिशेबात धरत नाही.

प्रथिनांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तीच सगळ्यात लवकर गेली. माणसाच्या वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे चोपन्न किलोच्या सईला दिवसाला ४५ ग्रॅम. आम्ही एक दिवस स्वयंपाकघरातला काटा घेऊन तिचं जेवण मोजलं. सकाळी पन्नास ग्रॅम नाचणीची धिरडी आणि ग्लासभर सोयापेय, मिळून दहा ग्रॅमच्या आसपास. दुपारी ज्वारीची भाकरी आठ आणि पन्नास ग्रॅम मटकीची उसळ अकरा-बारा. शेंगदाण्याची चटणी तीन-चार. रात्री वरणभात दहा-अकरा आणि शंभर ग्रॅम टोफू, त्याचे बारा. पन्नाशी पार झाली, पावडरीचा डबा आणावा लागला नाही. मात्र माझी नेहमीची पळी आम्ही मोजली नाही असं नाही. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम निघाली, म्हणजे प्रथिनं तीन-साडेतीन. दूध-दही असताना ही पातळ आमटी खपून जायची. आता डाळ दाट हवी आणि एका जेवणात तरी कडधान्य किंवा सोयाबीन हवंच.

याच दिवसाचं कॅल्शियम मांडलं तर नाचणीचे पावणेदोनशे, सोयापेयाचे अडीचशे, ५१६वाल्या टोफूचे दोनशेच्या वर, आणि पाला असेल त्या दिवशी आणखी दीडशे-दोनशे. हजाराची गरज त्यानं पूर्ण होत नाही, डाळी-भाकरीचं धरून जवळ जाते. ज्या दिवशी हॉस्टेलवर यातलं काही मिळणार नाही त्या दिवसासाठी गोळी ठेवली. तीही निवडून घ्यावी लागली, कारण काही गोळ्यांतलं कॅल्शियम शिंपल्यांचं असतं. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असं लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची आणि एका वेळी त्याहून जास्त नाही.

लोहाच्या बाबतीत दुधाला दोष किंवा श्रेय काहीच देता येत नाही, त्यात लोह जवळजवळ नसतंच. सईच्या रिपोर्टमधली एक गोष्ट डॉक्टरांनी दाखवली. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी आकार नॉर्मल येतो, आणि रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे काही खूण नसते. म्हणून थकवा असेल तर फेरिटिन आणि बी१२ दोन्ही वेगवेगळं तपासायचं. साठा इतका कमी असताना नुसत्या जेवणानं तो भरत नाही, म्हणून तिला लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड दिल्या, कॅल्शियमच्या गोळीपासून दूर, कारण ते दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. पुढे टिकवायचं काम जेवणाचं. त्यासाठी नवं काही विकत आणलं नाही. मोड आलेली मटकी, मसूर, हरभरा हे होतंच. त्यावर लिंबू पिळायचं किंवा सोबत पेरू, आवळा घ्यायचा, आणि जेवणानंतर तासभर तरी चहा नाही. माझ्या घरात शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. आमच्याकडे दुपारच्या जेवणाचं ताट उचलायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असतं.

अळिवाचे लाडू मी तिच्यासाठी केले तेव्हा लक्षात आलं की त्यांत दूध-तूप कधी नव्हतंच. नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, खोबरं, गूळ. ती म्हणाली, "आई, हे तर आधीपासून वीगन आहे." मी म्हटलं, "हो, आणि तू लहानपणी थुंकून टाकायचीस."

एक वस्तू मात्र मी घरातून बाहेर काढली. दोन वर्षं आम्ही कौतुकानं सैंधव खात होतो. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि दूध हा आयोडीनचाही एक स्रोत असतो. दूध गेल्यावर साधं आयोडीनयुक्त मीठ परत आलं. पूर्ण यादीतली ही सर्वात स्वस्त वस्तू.

तीन महिन्यांनी दोघींनी परत रक्त दिलं. सईचं बी१२ ५४०, हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन २४. ते अजून वर जायला हवं, म्हणून गोळ्या चालू आहेत. माझं बी१२ ४६०. मी अजून दूध घालूनच चहा पिते, तूपही खाते, आणि गोळीही घेते. दुधावर भरवसा ठेवून मी चाळीस वर्षं जे तपासलं नव्हतं, ते तिनं दूध सोडल्यामुळे तपासलं गेलं.

परत जाताना तिनं फ्रिजवरच्या यादीचा फोटो काढला. यादी छोटी आहे: बी१२ची साधी गोळी, लायकेनचं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम घातलेलं सोयापेय, ५१६वाला टोफू, मोडाच्या नाचणीचं पीठ, मटकी, मसूर, शेंगदाणे, लिंबं, पाला, आयोडीनचं मीठ. खाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, "आजीच्या गोळ्या संपल्या का ते विचारणे."